पट्टा ओढ, मग ब्रेक सोड

ताशी १०५ किलोमीटरने धावणाऱ्या अठरा चाकी ट्रकच्या डॅशबोर्डवर एक ओळ चिकटवायची आहे. ती वाचून ड्रायव्हरच्या ओठांवर हसू यायला हवं आणि त्याचा पाय थोडा सावधही व्हायला हवा. किती शब्दांची लिहाल?

हा प्रश्न माझ्यापुढे खरोखरच आला. मी राहतो न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला. गावातून रूट वन जातो, आणि पूर्वेला थोड्याच अंतरावर टर्नपाइकच्या आठ नंबरच्या एक्झिटभोवती गोदामांची रांगच लागली आहे. नेवार्क बंदरात उतरलेला माल तिथे येतो आणि तिथून ५३ फुटी ट्रेलरमध्ये भरून देशभर जातो. हे ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये पंजाबी मंडळी पुष्कळ, मराठी थोडी. त्या थोड्यांपैकी एक तासगावकडचे दादा आमच्या ओळखीचे. गणपतीच्या जेवणाला ते म्हणाले, "तुम्ही लिहिता ना? मग माझ्या गाडीत लावायला चार ओळी द्या की. आपल्या भाषेतल्या. इथल्या दुकानातले स्टिकर मला कोरडे वाटतात."

दहा मिनिटांचं काम, असं वाटलं होतं. पण एकदा शोधायला बसलो आणि त्या बोटभर कागदात डोळ्याचं, मेंदूचं आणि ब्रेकचं केवढं शास्त्र दडलं आहे ते एकेक करून समोर यायला लागलं.

आधी वेळ बघा. ताशी १०५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २९ मीटर. भरलेला ट्रक ३६ टनांचा. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ड्रायव्हरने धोका पाहिल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ती सुमारे १६० मीटर पुढे गेलेली असते. अमेरिकेच्या रस्तासुरक्षा खात्याने २०१३ साली गाड्यांमधल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं सार असं, की एका नजरेत डोळे रस्त्यावरून दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नयेत. दोन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्यात हा ट्रक ५८ मीटर गेला, आणि त्या ५८ मीटरांत तो कुणीच चालवत नव्हता!

बरं, हे दोन सेकंद तरी पूर्ण वाचनाला मिळतात का? नाही. नजर रस्त्यावरून डॅशबोर्डवर उतरायला वेळ लागतो. शंभर मीटरवर लागलेला डोळा हातभर अंतरावर आणायचा, तर डोळ्यातलं भिंग फुगावं लागतं, त्यालाही वेळ लागतो, आणि वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलं की ते भिंग पुरेसं फुगतच नाही. मग नजर परत वर न्यायची, पुन्हा लांबचं स्पष्ट करायचं. वाचायला उरतो जेमतेम एक सेकंद.

आता त्या एका सेकंदात डोळा काय करतो, ते बघण्यासारखं आहे. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाची रुंदी भरेल एवढ्याच भागात आपल्याला खरं बारीक दिसतं. बाकी सगळं जग धूसर असतं, पण मेंदू ते इतक्या सफाईने सजवतो की आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. पाव सेकंद एका जागी टेकतो, उडी मारतो, पुन्हा टेकतो. आणि उडीच्या क्षणी आपल्याला काहीच दिसत नाही. म्हणजे तुम्ही हा परिच्छेद वाचत असताना कितीतरी वेळा आंधळे झालात, आणि एकदाही तुम्हाला ते जाणवलं नाही.

सेकंदाला चार टेकण्या. एका टेकणीत एखादा शब्द, छोटे असतील तर दोन. म्हणजे आपल्या ओळीला पाच-सहा शब्दांची मुभा, आणि तेही ओळखीचे, नेहमी डोळ्यांखालून जाणारे हवेत. 'सावधानता' लिहिलं की एक टेकणी जास्त गेली. 'जपून' एकाच टेकणीत येतो.

आकाराचंही तसंच. डॅशबोर्ड डोळ्यांपासून साधारण ८० सेंटिमीटरवर असतो. इतक्या अंतरावरून झटक्यात वाचायचं तर रोमन अक्षर निदान पाच मिलिमीटर उंच लागतं. आपल्या लिपीला तेवढ्यात भागत नाही, कारण आपल्या मात्रा शिरोरेषेच्या वर आणि उकार अक्षराच्या पायाशी टांगलेले असतात. 'मोड' आणि 'मोडू' यांत फरक करणारा उकार पाच मिलिमीटरांत दीड मिलिमीटरचा होतो, आणि गाडी हादरली की तो गेलाच. म्हणून मी दादांसाठी अक्षर बारा मिलिमीटरचं धरलं, आणि जोडाक्षरं शक्य तिथे गाळली.

इथपर्यंत मला वाटत होतं की प्रश्न फक्त मापाचा आहे. मग मजकुराकडे वळलो, आणि आमच्याच राज्यात घडलेली एक गोष्ट आडवी आली.

२०२२ च्या शरद ऋतूत न्यू जर्सीच्या परिवहन खात्याने हायवेवरच्या दिव्यांच्या पाट्यांवर गमतीदार संदेश लावायला सुरुवात केली. या खात्याचं मुख्यालय आमच्या जवळच्या यूइंगमध्ये आहे. गाडी छान आहे, इंडिकेटर सोबत आला होता का, अशा धर्तीचे ते संदेश होते. एका पाटीवर तर इथल्या लाडक्या गायकाच्या, ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या, गाण्याचं नाव घेऊन वेग कमी करायला सांगितलं होतं. लोक खूश झाले. पाट्यांचे फोटो सगळीकडे फिरले. आणि नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या महामार्ग प्रशासनाने राज्याला हे थांबवायला सांगितलं! पुढे डिसेंबर २०२३ मध्ये रस्त्यांवरच्या चिन्हांची राष्ट्रीय नियमावली नव्याने निघाली, तिच्यातही विनोद आणि सिनेमा-गाण्यांचे संदर्भ अशा पाट्यांवर टाळावेत असा सल्ला आला. सरसकट बंदी नाही, पण सल्ला स्पष्ट आहे.

मला आधी हे अरसिकपणाचं वाटलं. पण त्यामागचं कारण विचार करण्यासारखं आहे. अशी पाटी दिवसा साधारण ८०० फुटांवरून वाचता यावी अशी अपेक्षा असते. आमच्या ट्रकच्या वेगाने ते अंतर आठ सेकंदांत संपतं. तेवढ्यात विनोद वाचायचा, तो समजायचा, आणि ज्याला तो गायकच माहीत नाही त्याने कोड्यात पडायचं. शिवाय प्रत्येक लेनमधला ड्रायव्हर एकाच वेळी त्याच कोड्यात. थट्टा कळायला जो पाव-अर्धा सेकंद लागतो, तो त्या आठ सेकंदांतूनच जातो.

मग गंमत सोडून थेट भीती दाखवली तर? हाच प्रयोग टेक्सासने केला होता, नकळत. ऑगस्ट २०१२ पासून तिथे पाट्यांवर त्या वर्षात रस्त्यांवर किती माणसं मेली तो आकडा दाखवू लागले. पण महिन्यातून एकच आठवडा. उरलेले दिवस आकडा नाही. जोनाथन हॉल आणि जोशुआ मॅडसन या दोन संशोधकांच्या लक्षात आलं, की हा तर आयता प्रयोग आहे. पाट्या त्याच, रस्ते तेच, फक्त आठवडा वेगळा. त्यांनी ८८० पाट्यांच्या आसपासचे अपघात तपासले. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आला: आकडा दाखवलेल्या आठवड्यात पाटीनंतरच्या दहा किलोमीटरमध्ये अपघात साडेचार टक्क्यांनी वाढत होते.

घटत नव्हते, वाढत होते! चांगल्या हेतूने लावलेला, शंभर टक्के खरा आकडा. आणि तो जितका मोठा, तितका परिणाम वाईट. रस्ता जितका गुंतागुंतीचा, तितका आणखी वाईट. दोघांचं अनुमान असं की मरणाचा आकडा मनात घुसतो आणि तिथेच बसतो. लेन बदलायला, पुढच्याचा ब्रेकलाइट टिपायला जे लक्ष हवं त्यातला वाटा तो खातो. घाबरलेला माणूस सावध होतोच असं नाही; कधी कधी तो फक्त घाबरलेला असतो.

हे वाचलं आणि मी दादांसाठी लिहिलेल्या पहिल्या चार ओळींपैकी दोन फाडून टाकल्या. त्यांत यमराज होता.

तर विनोद पाटीवर महाग पडतो, भीती कुठेच परवडत नाही. मग डॅशबोर्डवर विनोद कसा चालेल? चालतो, कारण डॅशबोर्डच्या ओळीत एक विलक्षण फरक आहे. हायवेवरची पाटी अनोळखी माणूस एकदाच वाचतो. डॅशबोर्डची ओळ एकच माणूस हजार वेळा बघतो. पहिल्याच दिवशी, गाडी उभी असताना, तो हसून घेतो. त्यानंतर कोडं उरत नाही, उरते ती फक्त ओळख.

पण इथे मेंदू आणखी एक करामत करतो. जी गोष्ट रोज त्याच जागी, तशीच असते, ती तो गाळून टाकतो. स्वयंपाकघरातला फ्रिज सतत घरघरत असतो, आणि तो आवाज आपल्याला कळतो तो बंद पडल्यावरच. स्टिकरचंही तसंच होतं. काही आठवड्यांत तो दिसेनासा होतो. डोळ्यांना दिसतो, माणसाला दिसत नाही. याची परीक्षा सोपी आहे. ड्रायव्हरला खाली उतरवा आणि विचारा, डॅशबोर्डवर काय लिहिलंय? दादांच्या गाडीत आधीपासून एक इंग्रजी स्टिकर होता. मी विचारलं तर म्हणाले, "पिवळा आहे." पुढे? "काहीतरी वेगाबद्दल असावं." तो त्यांनी स्वतःच लावला होता, आणि त्यावर वेगाबद्दल एक अक्षर नव्हतं, तो सीटबेल्टचा होता.

म्हणजे चालू गाडीत ओळ वाचणं धोक्याचं, आणि न वाचली तर ती महिन्याभरात अदृश्य. दोन्हीकडून अडचण. मी दादांना हे सांगितलं तर ते हसले. "ओ, गाडी चालवताना मी वाचत बसेन काय? गाडी सोडायच्या आधी काय दिसतं ते बघा. या, वर या."

आणि कॅबमध्ये चढल्यावर उत्तर समोर होतं.

अमेरिकी ट्रकच्या डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या उजव्या हाताला दोन मोठी बटणं असतात. एक पिवळं, चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखं. ते गाडीच्या पार्किंग ब्रेकचं. दुसरं लाल, आठ कोनांचं. ते ट्रेलरला हवा पुरवणारं. गाडी लावायची तर दोन्ही ओढायची, सोडायची तर दोन्ही दाबायची. दाबली की फुस्स असा आवाज येतो आणि कॅब किंचित हलते. आकार वेगळे अशासाठी, की अंधारात नुसत्या बोटांनी ओळखता यावीत.

या बटणांमागचा ब्रेक तर थक्क करणारा आहे. आपल्याला वाटतं, हवेच्या दाबाने ब्रेक लागतो. चालताना पायाने मारलेल्या ब्रेकचं ते खरंही आहे. पण पार्किंग ब्रेकचं नेमकं उलट. तिथे चाकाला धरून ठेवते ती एक दणकट स्प्रिंग, आणि हवेचं काम त्या स्प्रिंगला मागे दाबून ब्रेक सोडवून धरण्याचं. हवा आहे तोवर गाडी मोकळी. हवा गळाली, नळी फुटली, टाकी रिकामी झाली, तर स्प्रिंग सुटते आणि गाडी स्वतःला आवळते. दाब चौरस इंचाला ६० पौंडांच्या आसपास आला की इशारा वाजतो. ४५ ते २० च्या दरम्यान कुठेतरी बटणं आपोआप बाहेर उडतात. बिघाड झाला तर गाडी थांबण्याकडे झुकावी, अशी तिची जडणघडणच आहे. कुणाच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं असेल, तो क्षण किती आनंदाचा असेल!

आणि आपल्या ओळीच्या दृष्टीने या बटणांचं महत्त्व असं: ड्रायव्हरचा हात तिथे जातो तेव्हा गाडी उभी असते. नेहमीच. नजर तिथे असते, घाई थोडी असते, पण चाकं थांबलेली असतात. याहून चांगली जागा ओळीला मिळणार नाही.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नेमक्या अशा गोष्टीवर आयुष्य घालवलं आहे. १९९९ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखाचा गाभा असा, की 'मी सावध राहीन' हा निश्चय फारसा टिकत नाही. 'अमुक झालं की मी तमुक करीन' असा बांधलेला निश्चय टिकतो. कारण मग आठवण ठेवायचं काम माणसाकडे राहत नाही, ते त्या प्रसंगाकडे जातं. बटण दिसलं की काम आठवलं. ओळ अशी हवी, की ती बटणाला बांधली जाईल.

मी लिहिली: 'पट्टा लाव, मग धाव.' चार शब्द, यमक चोख. दादांना वाचून दाखवली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "शेवटी धावच म्हणताय की." बरोबर होतं. ओळ संपल्यावर कानात घोळतो तो शेवटचा शब्द, आणि मी त्यांना सकाळी सहाला गोदामातून निघताना धाव सांगत होतो. शिवाय 'धाव' कुठल्याच बटणाला बांधलेलं नाही. मग बटणाकडे बघत बघत ती फिरवली:

पट्टा ओढ, मग ब्रेक सोड.

आता दोन्ही क्रिया हाताच्या आहेत आणि घडतात त्याच क्रमाने आहेत. डावा हात खांद्यावरून पट्टा ओढतो, उजवा बटण दाबतो. पाच शब्द, दोन जोडाक्षरं. दोन आठवड्यांनी दादा म्हणाले की आता ते वाचत नाहीत, पण बटणाला हात गेला की तोंडातून ओळ निघते. हेच तर हवं होतं. स्टिकर अदृश्य झाला तरी चालेल, ओळ बटणात शिरली.

यमकाने इथे मोठा हातभार लावला असणार. २००० साली मॅक्ग्लोन आणि तोफिगबख्श या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अपरिचित म्हणी वाचायला दिल्या, काही यमकासह, काही तोच अर्थ ठेवून यमक मोडलेल्या. यमकातल्या म्हणी लोकांना जास्त खऱ्या वाटल्या! अर्थ तोच, नुसत्या नादाने पारडं झुकलं. जात्यावर बसून ओव्या जुळवणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको होतं.

पुढची ओळ अंतराची. ती चालत्या गाडीत लागते, तेव्हा ती बटणाला बांधता येईना. मग ती पुढच्या ट्रकलाच बांधली. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर काय काय लिहिलेलं असतं! हॉर्न ओके प्लीज आहेच; महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये ते लिहायला मनाई केली, कारण ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. पण शायरी, आईचा आशीर्वाद, मुलांची नावं, नजर लावणाऱ्याला दिलेले टोमणे, सगळं असतं. ते वाचता येतंय याचा अर्थ काय? रस्त्यावरच्या पाटीचं इंचभर उंचीचं अक्षर साधारण ३० ते ४० फुटांवरून वाचता येतं असा हिशेब आहे. शायरीचं अक्षर तीन इंची धरलं तर तुम्ही ९० ते १२० फुटांच्या आत आलात. म्हणजे आमच्या वेगाला एक सेकंद, फार तर सव्वा. इथल्या ट्रकवाल्यांना शिकवतात तो हिशेब असा: गाडीच्या दर दहा फूट लांबीला एक सेकंद, आणि ताशी ६५ किलोमीटरच्या वर गेलात तर आणखी एक. साठ फुटी गाडीला सात सेकंद. दोनशे मीटर! म्हणून:

पुढची शायरी वाचतोस? फार जवळ नाचतोस!

ही ओळ वाचावी लागतच नाही. समोर अक्षरं उमटायला लागली की ती आपोआप आठवते. इथल्या ट्रेलरांवर शायरी नसते, कंपनीचा फोन नंबर असतो, पण दादा म्हणतात, नंबर वाचता आला तरी त्यांना हीच आठवते.

झोपेची ओळ सगळ्यात अवघड गेली. कारण झोप आलेला माणूस स्वतःच्या झोपेचा सगळ्यात वाईट परीक्षक असतो. काही सेकंदांची डुलकी लागते तेव्हा डोळे अर्धवट उघडेही असू शकतात, आणि त्याला ती लागल्याचं कळतही नाही. अशा माणसाला 'झोपू नकोस' सांगून काय उपयोग? तो प्रयत्न करून जागा राहू शकत नाही, कुणीच राहू शकत नाही. म्हणून ओळ झोपेच्या आधीच्या खुणेला बांधायला हवी, आणि ती खूण मोजता यायला हवी. मी आधी 'पापणी जड? धर कड!' असं लिहिलं होतं. ते दादांनी झटकून टाकलं, आणि बरोबर टाकलं. हायवेची कड ही बंद पडलेल्या गाड्यांची जागा. तिथे झोपलेल्या ट्रकवर मागून गाडी येऊन आदळते. थांबायचं ते विश्रांतीच्या जागेत. शेवटी झाली ती ही:

पहिली जांभई चहाची, दुसरी जांभई खाटेची.

चहा किंवा कॉफी पोटात गेल्यापासून अंमल चढायला वीसएक मिनिटं लागतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. कप संपवला की लगेच तरतरी वाटते ती बरीचशी गरम घोटाची आणि थांबण्याची. त्यामुळे चहा पिऊन तेवढाच वेळ आडवं होणं हा उत्तम उपाय: झोपही मिळते आणि उठेपर्यंत चहाही लागू पडतो. दुसऱ्या जांभईला मात्र वाटाघाट नाही. दादांच्या सीटच्या मागे पडद्याआड खाट आहेच.

या ओळी मी तासगावला त्यांच्या पुतण्यालाही पाठवल्या. तो पुणे-मुंबई माल नेतो. त्याने उलट निरोप धाडला, "काका, घाटासाठी द्या एक." आणि घाटाची गोष्ट तर आणखीच अचंबित करणारी आहे.

खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना रस्ता सुमारे पाचशे मीटर खाली येतो. ३६ टनांची गाडी शंभर मीटर उतरली की साडेतीन कोटी ज्यूल ऊर्जा सुटते. तेवढ्यात माठातलं १०५ लिटर पाणी खळखळून उकळेल! पूर्ण घाटात पाचशे लिटर. थोडी हवा आणि टायर खातात, बाकीची जाणार कुठे? गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड ढिली होते. पाय तोच, जोर तोच, पण गाडी थांबत नाही. आधी करपल्याचा वास येतो, पेडल नेहमीपेक्षा जास्त जोर मागतं, मग चाकातून धूर. वास आला तेव्हाच उशीर झालेला असतो.

गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन स्वतः चाकांना मागे ओढतं आणि ती उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर जाते. आणि न्यूट्रल टाकण्यामागचं जे कारण सांगतात, डिझेल वाचतं, तेही आजच्या गाड्यांना लागू नाही. इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा पूर्ण तुटतो. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर. न्यूट्रलमध्ये मात्र त्याला स्वतःला चालू ठेवायला डिझेल प्यावंच लागतं. जीव धोक्यात घालून जे वाचवायचं, ते वाचतच नाही! पुतण्याच्या ओळीत एवढं सगळं कुठे मावणार? मी चारच शब्द पाठवले, गिअरच्या दांड्याशेजारी लावायला:

गिअरात उतर, घरी उतर.

घाटाच्या माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, हात दांड्यावर असतो. गिअर तिथेच पडायला हवा. अर्ध्या उतारावर वेग चढल्यावर खालचा गिअर पडत नाही.

लावायच्या जागेचंही थोडं बोलायला हवं, कारण चांगली ओळ चुकीच्या जागी बसली की वाया जाते. काचेवर तर नकोच. आणि डॅशबोर्डच्या वरच्या सपाट भागावर पांढरा, चकचकीत कागद लावला तर दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब बरोबर पुढच्या काचेत पडतं, रस्त्याच्या ऐन मध्यावर. उभा भाग निवडावा, कागद मळखाऊ आणि बिनचमकेचा घ्यावा, आणि हवेच्या दाबाच्या काट्याला किंवा इशाऱ्याच्या दिव्याला तो कणभरही झाकत नाही हे बघावं. दादांनी पिवळ्या बटणाच्या वर दोन बोटं जागा सोडून लावला आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो घरच्या ओळीवर. घरच्यांच्या नावाने काहीतरी लिहिलेलं जवळजवळ प्रत्येक गाडीत सापडतं, आणि त्यात हमखास एक शब्द असतो: लवकर. लवकर या, लवकर ये, वाट बघतोय. किती प्रेमाने लिहिलेलं असतं! आणि थकलेल्या माणसाला, शेवटच्या शंभर मैलांत, घर जवळ आलेलं असताना, ते काय सांगतं? पाय दाब. सगळ्या डॅशबोर्डवर त्याला घाई करायला सांगणारी एकच ओळ असते, आणि ती त्याच्या सगळ्यात लाडक्या माणसांची असते. हे मी वहिनींना सांगितलं. त्या काही वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मी फोनवर रोज तेच म्हणते की हो." ही ओळ त्यांनीच केली, मी फक्त शब्द पुढेमागे केले:

उशीर होऊ दे, आमटी पुन्हा तापू दे.

अक्षरही त्यांचंच आहे, जाड मार्करने लिहिलेलं, बारा मिलिमीटरपेक्षा बरंच मोठं. ओळ महिन्याभराने दिसेनाशी होणार हे ठाऊक असल्यामुळे दर फेरीला रंग बदलायचं त्यांनी ठरवलं आहे. गेल्या खेपेला हिरवा होता. आणि आमटीच्या जागी पिठलं आलं होतं, कारण त्या दिवशी घरी पिठलंच होतं.